कप्पा ०.९ च्या वर, पण नकाशा डोळ्याला चुकीचा दिसतोय: काय काय तपासायचं

लँड कव्हरचं क्लासिफिकेशन केलं, कन्फ्युजन मॅट्रिक्स काढली, कप्पा ०.९३ आला, आणि नकाशा सॅटेलाइट इमेजवर टाकून बघितला तर सासवडकडची नांगरलेली रानं अख्खीच्या अख्खी बांधकाम म्हणून लाल. ही तक्रार घेऊन दर वर्षी उन्हाळ्यात कोणी ना कोणी येतंच, कधी एमएस्सीचा प्रोजेक्ट असतो, कधी टेकड्यांवर काम करणारा एखादा ग्रुप असतो, आणि बहुतेक वेळा गडबड क्लासिफायरमध्ये कमी आणि अ‍ॅक्युरसी काढण्याच्या पद्धतीत जास्त असते. म्हणून रँडम फॉरेस्टची झाडं शंभराची पाचशे करत बसण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघा, सोप्या आणि फुकटच्या आधी, कष्टाच्या नंतर.

लक्षणं

- ओव्हरऑल अ‍ॅक्युरसी आणि कप्पा दोन्ही झकास, पण नकाशावर एकाच प्रकारची चूक पट्ट्यापट्ट्याने दिसते. पुण्याच्या आसपास ठरलेल्या जागा आहेत: उन्हाळ्यातली उघडी शेतं आणि वाघोलीकडच्या खाणी बांधकामात जातात, तळेगाव-मावळकडचे पॉलिहाऊसही बांधकामात जातात, मुळा-मुठेतली जलपर्णी झाडीत जाते, आणि थंडीतल्या इमेजमध्ये सिंहगडाच्या उत्तर उताराची सावली पाण्यात.
- तुमच्या पॉइंटवर ०.९३ आणि दुसऱ्या कोणी स्वतंत्र पॉइंट टाकले की तोच नकाशा ०.६ वर येतो.
- एखाद्या क्लासची युजर्स आणि प्रोड्युसर्स अ‍ॅक्युरसी तुम्हाला नकाशावर जे दिसतं त्याच्या बरोबर उलटी वाटते.
- मॅट्रिक्समध्ये एक अख्खी रांग आणि एक अख्खा कॉलम शून्याचा आहे.

पहिलं: मॅट्रिक्स कुठल्या बाजूने वाचताय

पाच मिनिटांचं काम आहे. रिमोट सेन्सिंगच्या बऱ्याच पुस्तकांत आडव्या रांगा म्हणजे नकाशा आणि उभे कॉलम म्हणजे रेफरन्स असतात. पण गुगल अर्थ इंजिनमध्ये आणि पायथनच्या scikit-learn मध्ये उलटं आहे, तिथे रांगा म्हणजे खरा क्लास आणि कॉलम म्हणजे क्लासिफायरने दिलेला. आकडे एका ठिकाणाहून उचलले आणि सूत्र दुसऱ्या पुस्तकातून लावलं की युजर्स आणि प्रोड्युसर्सची अदलाबदल होते. हे लपून राहतं कारण मॅट्रिक्स आडवी-उभी फिरवली तरी ओव्हरऑल अ‍ॅक्युरसी बदलत नाही आणि कप्पाही बदलत नाही, त्यामुळे वरवर सगळं जुळलेलंच दिसतं.

ओळखायचं कसं, तर क्लासमागे ठरवून सारखे पॉइंट घेतले असतील, समजा ५०, तर ज्या बाजूची बेरीज सगळीकडे ५० येते ती नकाशाची बाजू, कारण पॉइंट तुम्ही नकाशाच्या क्लासमधून काढले होते.

```javascript
var cm = test.classify(clf).errorMatrix('lc', 'classification');
print(cm, cm.accuracy(), cm.kappa());
```

इथे पहिला `lc` खरा, दुसरा नकाशाचा. आणि अर्थ इंजिन क्लासची मोजणी शून्यापासून धरतं, म्हणून तुमचे कोड १ ते ४ असतील तर शून्याची रिकामी रांग आणि कॉलम येणारच, त्याने आकडा बिघडत नाही. पण त्या शून्याच्या रांगेत किंवा कॉलममध्ये खरोखर पॉइंट पडलेले दिसले तर ते नोडेटाचे आहेत, बहुतेक ढगांचा मास्क लावल्यानंतर कोणीतरी रिकाम्या जागा शून्याने भरल्यात. ते पॉइंट काढा आणि काढल्याचं रिपोर्टमध्ये लिहा.

दुसरं: टेस्टचे पॉइंट आले कुठून

कप्पा ०.९ च्या वर आणि नकाशा वाईट, असं असेल तर माझा पहिला संशय इथेच. याचे दोन प्रकार असतात.

एक म्हणजे `clf.confusionMatrix()` चालवून तोच आकडा रिपोर्टला लावणं. ही मॅट्रिक्स ट्रेनिंगच्याच डेटावरची असते, रँडम फॉरेस्टसाठी ती जवळजवळ नेहमी ०.९८-०.९९ च देणार, कारण मॉडेलने ती उत्तरं आधीच बघितलेली आहेत. नकाशाबद्दल ती काहीच सांगत नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. माणूस खडकवासल्यात पाण्याचा एक मोठा पॉलिगॉन काढतो, हडपसरमध्ये बांधकामाचे दोन, भांबुर्ड्याच्या वनात झाडीचा एक, मग त्यातले हजारो पिक्सेल काढतो आणि त्या पिक्सेलांना ७०-३० वाटतो. कागदोपत्री टेस्ट वेगळी झाली, पण टेस्टचा पिक्सेल ट्रेनिंगच्या पिक्सेलच्या शेजारी दहा मीटरवर बसलाय, त्याच शेताचा, त्याच छपराचा. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात त्यामुळे उत्तर बरोबर येणारच, आणि सासवडचं नांगरलेलं रान तर कुठल्याच पॉलिगॉनमध्ये नव्हतं, मग तिथली चूक मॅट्रिक्सला कळणार कुठून.

तपासायला सोपं आहे. वाटणी पिक्सेलवर न करता पॉलिगॉनवर करा आणि पुन्हा चालवा:

```javascript
var polys  = refPolys.randomColumn('r', 42);
var trainP = polys.filter(ee.Filter.lt('r', 0.7));
var testP  = polys.filter(ee.Filter.gte('r', 0.7));
// यानंतर दोन्हींवर वेगवेगळं sampleRegions, scale: 10
```

कप्पा ०.९३ वरून धाडकन खाली आला तर आधीचा आकडा शेजाऱ्यांमुळे फुगलेला होता हे नक्की. तुमचा नकाशा बिघडलेला नाही, तो आधीपासून तसाच होता, आता फक्त खरं काय ते दिसायला लागलंय. मात्र पॉलिगॉनवर वाटणी केली म्हणून हा अंतिम आकडा झाला असं नाही. पॉलिगॉन तुम्ही स्वतः निवडलेत, आणि माणूस निवडताना स्वच्छ, एकजिनसी जागाच निवडतो. रिपोर्टसाठी पूर्ण नकाशावर रँडम टाकलेले पॉइंटच लागतात, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तिसरं: क्षेत्रफळाचं वजन दिलं का

हा भाग नीट वाचा, कारण पॉइंट रँडम घेतलेले असतात, लेबल नीट केलेले असतात, आणि तरी इथे गाडी अडते. क्लासमागे सारखे पॉइंट घेणं चांगलंच आहे, नाहीतर पाण्यासारख्या छोट्या क्लासला दोन-तीनच पॉइंट येतील. पण मग मॅट्रिक्समध्ये पाण्याचा आवाज उघड्या जमिनीइतकाच मोठा होतो, आणि हवेली-पुरंदरच्या भागात पाणी किती आणि उघडी जमीन किती हे आपल्याला माहितीय.

हिशोबासाठी सोपे आकडे घेऊ, हे समजावण्यापुरतेच आहेत. चार क्लास: पाणी, हिरवं, उघडी जमीन, बांधकाम. प्रत्येकी ५० पॉइंट. रांगा नकाशाच्या, कॉलम रेफरन्सचे:

| नकाशा | पाणी | हिरवं | उघडी | बांधकाम |
|---|---|---|---|---|
| पाणी | ४९ | १ | ० | ० |
| हिरवं | ० | ४६ | ४ | ० |
| उघडी | ० | ६ | ४० | ४ |
| बांधकाम | ० | ० | १४ | ३६ |

कर्णावरची बेरीज १७१, म्हणजे २०० पैकी ८५.५ टक्के. कप्पा काढायला योगायोगाने किती जुळलं असतं तो अंदाज लागतो, म्हणजे प्रत्येक क्लासची रांगेची बेरीज गुणिले कॉलमची बेरीज, सगळ्याची बेरीज भागिले २०० चा वर्ग. आता बघा, सगळ्या रांगा ५० च्या आहेत, त्यामुळे कॉलम कसेही असोत हा अंदाज ०.२५ च येतो. कप्पा म्हणजे ०.८५५ वजा ०.२५, भागिले ०.७५, उत्तर ०.८१. याचा अर्थ असा की सारखे पॉइंट घेतले की कप्पामध्ये ओव्हरऑल अ‍ॅक्युरसीपेक्षा वेगळी काहीच माहिती उरत नाही, तोच आकडा वेगळ्या पट्टीवर मोजलेला. तरी लोक दोन्ही छापतात आणि दोन पुरावे मिळाले असं समजतात.

आता वजन देऊ. समजा नकाशावर पाणी ३ टक्के, हिरवं ३५, उघडी ५० आणि बांधकाम १२ टक्के आहे. प्रत्येक रांगेचं प्रमाण काढून तिला त्या क्लासच्या क्षेत्रफळाने गुणायचं:

```python
import numpy as np
n = np.array([[49,1,0,0],[0,46,4,0],[0,6,40,4],[0,0,14,36]])
W = np.array([.03,.35,.50,.12])
p = n / n.sum(1, keepdims=True) * W[:,None]
po = np.trace(p)
pe = (p.sum(0) * p.sum(1)).sum()
print(po, (po-pe)/(1-pe), np.diag(p)/p.sum(0))
```

ओव्हरऑल ८३.८ येते, फार फरक नाही. कप्पा मात्र ०.८१ वरून ०.७४ वर येतो. नकाशा तोच, पॉइंट तेच. आणि कप्पा किती चांगला हे सांगणारा लँडिस आणि कॉख यांचा १९७७ सालचा तो प्रसिद्ध तक्ता आहे ना, ०.८१ पासून पुढे जवळजवळ परिपूर्ण आणि ०.६१ ते ०.८० भरीव, त्यात तुमचा नकाशा एक पायरी खाली घसरला, फक्त वजन दिल्याने. तो तक्ता मुळात डॉक्टरांच्या निदानासारख्या ठिकाणी दोन माणसांचं मत किती जुळतं यासाठी होता आणि त्यातल्या मर्यादा करणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने आखलेल्या होत्या, तेव्हा नकाशा पास की नापास हे त्यावरून ठरवू नका.

खरा धक्का बांधकामाच्या प्रोड्युसर्स अ‍ॅक्युरसीत आहे. साध्या मोजणीत ४० पैकी ३६, म्हणजे ९० टक्के, म्हणजे जमिनीवरचं जवळपास सगळं बांधकाम आपण पकडलं असं वाटतं. वजन दिल्यावर तीच ६८ टक्के होते. कारण उघड्या जमिनीच्या रांगेत जे ४ पॉइंट निसटलेत ते निम्मा नकाशा व्यापणाऱ्या क्लासमधले आहेत, ५० पैकी ४ म्हणजे ८ टक्के आणि निम्म्या नकाशाचे ८ टक्के म्हणजे एकूण क्षेत्राच्या ४ टक्के बांधकाम उघड्या जमिनीत दडलंय. बांधकाम म्हणून बरोबर ओळखलेलं क्षेत्र एकूण ८.६ टक्केच आहे. हे कप्पामध्ये कुठेही दिसत नाही, ना ०.८१ मध्ये ना ०.७४ मध्ये.

आणखी एक गोष्ट याच मॅट्रिक्सवरून कळते. नकाशावर बांधकाम १२ टक्के, रेफरन्सप्रमाणे अंदाज १२.६. एकूण क्षेत्रफळ जवळपास बरोबर, पण ठिकाणं चुकलीत, जितकं खोटं बांधकाम आत आलं साधारण तितकंच खरं बाहेर राहिलं. तुम्हाला तालुक्याची टक्केवारीच हवी असेल तर हा नकाशा चालेल. पण अमुक टेकडीवर बांधकाम झालंय का, हे यावरून सांगायचं असेल तर नाही चालणार. प्रमाणाची चूक आणि जागेची चूक वेगवेगळी सांगणं हे एका कप्पाच्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे, माझं तर स्पष्ट मत आहे की गाइडने किंवा जर्नलने मागितला तरच कप्पा द्या, आणि दिलात तरी वजन दिलेली मॅट्रिक्स आणि क्लासवार आकडे त्याच्या शेजारी ठेवा.

क्षेत्रफळ मोजताना रास्टर मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये असू द्या, पुण्याला EPSG:32643. डिग्रीमध्ये मोजू नका. QGIS वापरणाऱ्यांना SCP प्लगइनमध्ये क्षेत्रफळावर आधारित मॅट्रिक्स तयार मिळते, पण एकदा हाताने करून बघा म्हणजे कुठला आकडा कुठून येतो ते कळतं.

चौथं: रेफरन्स कधीचा आहे

याला एक-दोन दिवस जातात. प्रत्येक चुकलेला पॉइंट उघडायचा आणि बघायचं की चूक नकाशाची की रेफरन्सची. वरच्या उदाहरणात बांधकामाच्या रांगेतले ते १४ आधी घ्या, सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं.

आपल्याकडे तारखेला फार महत्त्व आहे. ऑगस्टमध्ये इमेज ढगाने भरलेली म्हणून लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरची किंवा फेब्रुवारी-मार्चची घेतात. त्याच शेतात फेब्रुवारीत ज्वारी किंवा हरभरा उभा असतो आणि एप्रिलमध्ये ढेकळं, वेताळ टेकडीचा उतार पावसाळ्यात हिरवागार आणि मार्चमध्ये पिवळा-तपकिरी. तुम्ही सेंटिनेल फेब्रुवारीची घेतली आणि लेबल करताना गुगल अर्थमध्ये जी इमेज समोर आली तिच्यावरून ठरवलं, ती मे महिन्यातली निघाली, तर नकाशा बरोबर असूनही मॅट्रिक्समध्ये चूक पडणार. पानशेत-खडकवासल्याच्या काठाचंही तेच, पाणी उतरलं की काठची जमीन उघडी पडते. गुगल अर्थमध्ये खाली इमेजची तारीख असते आणि जुन्या इमेजही बघता येतात, तर पॉइंटच्या टेबलमध्ये तारखेचा एक कॉलम ठेवा आणि महिना जुळत नसेल तिथे लेबल पक्कं करू नका, त्या तारखेची सेंटिनेल इमेज स्वतः डोळ्याने बघा. वाघोली-हिंजवडीकडे तर सालही जुळायला हवं, मोकळ्या प्लॉटवर दोन वर्षांत टॉवर उभा राहतो.

मोबाइलच्या जीपीएसने घेतलेले पॉइंट असतील तर बहुतेक रस्त्याच्या कडेला उभं राहून घेतलेले असतात आणि नोंद मात्र समोरच्या शेताची असते. दहा मीटरचा पिक्सेल आहे, तो पॉइंट डांबरावर पडतो. असे पॉइंट शेताच्या आत सरकवा, पण ट्रेनिंगसाठीच वापरा. रस्त्याकडेचे पॉइंट सगळ्या नकाशाचं प्रतिनिधित्व करत नाहीत, अ‍ॅक्युरसीसाठी ते चालत नाहीत.

आणि एक पथ्य कडक पाळा: बांधावरचे, कडेचे, अवघड पॉइंट गोंधळात टाकतात म्हणून उडवून द्यायचे नाहीत. ते उडवले की आकडा वर जातो आणि नकाशा जिथे खरोखर कच्चा आहे नेमकी तीच जागा परीक्षेतून बाहेर पडते. पिक्सेलमध्ये जे निम्म्याहून जास्त आहे ते लेबल, असा नियम आधी लिहून ठेवा आणि शेवटच्या पॉइंटपर्यंत तोच लावा.

पाचवं: नवीन पॉइंट काढा

वरचं सगळं करूनही आकडा आणि डोळा जुळत नसतील, किंवा मुळात पॉइंट पॉलिगॉनमधूनच आलेले असतील, तर नवीन सँपल काढण्याला पर्याय नाही. अंतिम नकाशाच्या क्लासमधून स्ट्रॅटिफाइड रँडम पॉइंट काढा, QGIS मध्ये AcATaMa प्लगइन हे करून देतं. किती, तर वरच्याच उदाहरणात २०० पॉइंटांवर ओव्हरऑल ८३.८ च्या आसपास ९५ टक्के खात्रीने अधिक-उणे ६.४ येतात, आणि बांधकामाच्या ७२ टक्के युजर्स अ‍ॅक्युरसीला तर अधिक-उणे १३. म्हणून दोन क्लासिफायरमध्ये कप्पा ०.७८ की ०.८१ यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, एवढा फरक पॉइंट बदलले तरी पडतो. ओव्हरऑल अधिक-उणे ४ पर्यंत आणायचं असेल तर या नकाशाला साधारण ३१० पॉइंट लागतील, अधिक-उणे २ ला जवळपास साडेबाराशे. छोट्या क्लासला किमान ५० द्या आणि उरलेले क्षेत्रफळाप्रमाणे वाटा.

लेबल करताना नकाशाचा क्लास लपवा. टेबलमध्ये शेजारी बांधकाम असं लिहिलेलं दिसलं की संशयाचा फायदा आपोआप नकाशाला मिळतो. आणि त्यातले ५०-६० पॉइंट दुसऱ्या कोणाकडून, तुमची लेबलं न दाखवता, करून घ्या.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

दोन माणसांची लेबलंच दर चार-पाच पॉइंटांमागे एकदा वेगळी येत असतील तर थांबा. तिथे क्लासची व्याख्या ढिली आहे, आंब्याची बाग झाडीत की शेतीत, मुरूम टाकून सपाट केलेला प्लॉट उघडी जमीन की बांधकाम, हे ठरल्याशिवाय कुठलीच मॅट्रिक्स खरी होणार नाही. त्या भागातली शेती आणि झाडोरा ओळखणारा माणूस, कृषी किंवा वनस्पतीशास्त्राचा, सोबत घेऊन शिवारात जा.

पॉइंट आधीच गोळा झालेत पण कसे निवडले हे कोणालाच माहीत नाही, किंवा काही रँडम, काही सोयीचे अशी सरमिसळ झाली आहे, तर वजनाचं सूत्र स्वतःच्या अंदाजाने लावू नका. सँपलिंग जाणणारा संख्याशास्त्रज्ञ गाठा, आणि शक्यतो पॉइंट गोळा करण्याआधी गाठा, नंतर त्याच्याही हातात फारसं काही उरत नाही. दोन वर्षांच्या नकाशांची वजाबाकी करून बदल सांगायचा असेल तरी हेच, कारण तिथे बदलाचं वेगळं सँपल लागतं, दोन नकाशांचे दोन कप्पा दाखवून भागत नाही.

आणि नकाशा कोर्टात, हरकतींच्या सुनावणीत किंवा नुकसानभरपाईच्या कामात जाणार असेल तर दहा मीटरच्या क्लासिफिकेशनवरून एका गट नंबराबद्दल काहीही लिहून देऊ नका, कप्पा कितीही येवो. तिथे मोजणी लागते, ती भूमी अभिलेख कार्यालयाकडून अधिकृतपणे करून घ्या.